दोन सुटे आकडे

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता माझी बायको कामावर जायला निघाली. नऊ वाजता ती क्लिनिकच्या पार्किंगमध्ये पडली. अकरा वाजता डॉक्टरांनी मला सांगितलं की ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्या घरी होत्या आणि मटार सोलत होत्या.

सासूबाई अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यातले दोन झाले होते. त्यांची ती एकुलती एक मुलगी. सासरे बारा वर्षांपूर्वीच गेलेले. त्यामुळे त्या मंगळवारनंतर ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या त्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी जावई, त्या सासूबाई, आणि आमच्यात बोलण्याची सगळी व्यवस्था जिच्यामार्फत होती ती नाही. त्या मला ‘तुम्ही’ म्हणत, मी त्यांना ‘आई’ म्हणे. लग्नानंतरच्या बारा वर्षांत आम्ही दोघं एका खोलीत एकटे असे फार तर तासभर बसलो असू.

तेरावा झाल्यावर त्या एकदा म्हणाल्या, “मला माझ्या घरी जायचंय. इथे मला रडताही येत नाही नीट. शेजारी सगळे गोरे, भिंती लाकडाच्या, नि तुम्ही शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेले.”

मी तिकीट काढलं. ब्रिस्बेनहून रविवारचं, पाच आठवड्यांनंतरचं.

त्या पाच आठवड्यांतल्या तिसऱ्या आठवड्यात मला त्यांच्या हातावर काळेनिळे डाग दिसले. कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ब्रश करताना हिरड्यांतून थोडं रक्त येतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं, आणि ‘वयच झालंय’ असं म्हणून विषय संपवला. मी त्यांना बायकोच्याच क्लिनिकमध्ये नेलं. आमच्या गावात गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, आणि दुसरं क्लिनिक मला माहीत नव्हतं. तिथल्या डॉक्टर तरुण आहेत, मोजकं बोलतात. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी बोलावलं. प्लेटलेट्स ७६ होत्या, म्हणजे शहात्तर हजार. इथली रेंज दीडशे ते चारशे. बाकी सगळं जवळपास ठीक होतं. किडनीचं क्रिएटिनिन इथल्या युनिटमध्ये ८० होतं, म्हणजे नॉर्मल.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. हे आधीपासून आहे की आता झालंय?

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दीड-दोन वर्षांपासून प्लेटलेट्स अशाच कमी असतील आणि तिथेच थांबलेल्या असतील, तर आई घरी जाऊ शकतात, तिथल्या डॉक्टरांना दाखवू शकतात. पण आधी त्या नॉर्मल होत्या आणि आता निम्म्यावर आल्या असतील, तर त्या अजून कुठवर घसरणार आहेत हे कळल्याशिवाय एकट्या राहणाऱ्या बाईला इतक्या लांब पाठवावं असं त्यांना वाटत नव्हतं. त्या बंदी घालत नव्हत्या. सल्ला देत होत्या.

“जुना रिपोर्ट आहे का?” त्यांनी विचारलं.

होता. दीड वर्षापूर्वी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याआधी अकोल्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये त्यांचं रक्त तपासलं होतं. शेजारच्या वहिनींनी त्या कागदाचा फोटो काढून माझ्या बायकोला पाठवला होता. कागद डोळ्यांच्या दवाखान्यात जमा झाला आणि तिथून परत आला नाही. लॅब बंद झाली होती, त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान होतं. वहिनींनी फोन बदलला होता. उरला बायकोचा फोन.

तो फोन मी रिकामा केला होता.

सासूबाईंना इथलं सिम घालायला फोन हवा होता. तेराव्यानंतर मी दोन संध्याकाळी बसून बायकोच्या फोनमधले फोटो संगणकावर उतरवून घेतले आणि फोन नव्यासारखा करून त्यांच्या हातात दिला. उतरवताना मी निवड केली. ज्या फोटोंत माणसं होती ते ठेवले. डोंगरकड्यावरून काढलेले खालच्या दरीचे फोटो ठेवले. बिलं, पावत्या, बसचं वेळापत्रक, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, कुठले तरी छापील कागद, हे सगळं सोडून दिलं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॅटलॉगचं काम करतो. काय ठेवायचं आणि काय नाही, हे मला कळतं असं मी धरून चालतो.

बायकोचं काम वेगळं होतं. ती क्लिनिकच्या रिसेप्शनला होती, पण तिच्याकडे आणखी एक काम आपोआप आलं होतं. बाहेरच्या देशांतून आलेले पेशंट आपापले जुने रिपोर्ट फोनवर दाखवत. कुणी फिलिपिन्सचे, कुणी केरळचे, कुणी सुदानचे. फोटो तिरपे, अंधारातले, घडी पडलेल्या कागदांचे. ती ते टाइप करून चार रकान्यांत मांडत असे: तपासणीचं नाव, आकडा, युनिट, त्या लॅबची रेंज. डॉक्टर तो तक्ता वाचत आणि फोटो सोबत जोडलेला असे.

कधी कधी ती हे घरी आणायची. कागदावरची नावं झाकून घ्यायची आणि मला समोर बसवायची. ती टाइप करायची, मी फोटोवरून मोठ्याने वाचायचो, मग उलट. तिचे नियम ठरलेले होते. दिसतं तेच लिहायचं. युनिट बदलायचं नाही, बदलायचं असेल तर डॉक्टर बदलतील. रेंज त्या लॅबचीच, आपल्याला पाठ आहे म्हणून दुसरीकडची भरायची नाही. वाचता आलं नाही तर चौकट रिकामी. “आणि आकडा एकटा सोडायचा नाही,” ती म्हणायची. “एकटा आकडा म्हणजे फोन नंबरसुद्धा असू शकतो.”

फोटो गेला हे मी डॉक्टरांना सांगितलं. का गेला ते सांगितलं नाही.

घरी येऊन मी तिचा ई-मेल उघडला. पासवर्ड मला माहीत होता. ‘रिपोर्ट’ शोधल्यावर तिने स्वतःलाच पाठवलेला एक मेल सापडला. विषय: ‘आईचा रिपोर्ट, नीट करायचाय’. फोनवर फोटोतल्या अक्षरांवर बोट दाबून धरलं की मजकूर उचलता येतो, तसा तिने तो उचलून मेलमध्ये चिकटवला होता. फोटो जोडला नव्हता. तिच्या फोनमध्ये तो होताच. संगणकावर बसून, फोन शेजारी ठेवून तक्ता करायचा, असा तिचा बेत असणार. मग ऑपरेशन नीट झालं आणि तक्त्याची गरज राहिली नाही.

मेलमधला मजकूर तक्ता नव्हता. फोन कागद आडवा वाचत नाही, त्याला जसे गठ्ठे दिसतात तसे उचलतो. आधी सगळी नावं एकाखाली एक: हिमोग्लोबिन, लाल पेशी, पीसीव्ही, अशी सोळा. मग आकडे. मग युनिटं. मग रेंज. नावं सोळा, युनिटं सोळा, रेंज पंधरा, कारण फोटोचा खालचा भाग बहुधा कापला गेला होता आणि क्रिएटिनिनची रेंज आलीच नव्हती. आकड्यांच्या गठ्ठ्यात मात्र चौदाच होते. उरलेले दोन मजकुराच्या अगदी शेवटी, रेंजच्याही खाली, सुटे पडले होते. वर ०.९६, त्याखाली १.६२.

शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि सोळा ओळींचा तक्ता आखला.

सुरुवातीच्या तेरा ओळी जुळवायला अवघड गेल्या नाहीत. क्रम सरळ होता, आणि पडताळाही घेता येत होता. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ३४.६; त्याला लाल पेशींच्या ३.९८ ने भागून दहाने गुणलं की ८६.९ येतात, आणि एमसीव्हीच्या, म्हणजे पेशीच्या सरासरी आकाराच्या, जागी ८६.९ च होते. पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांची टक्केवारी ५८, ३३, ४, ५, ०, बेरीज शंभर. चौदावा आकडा ११८, तो साखरेचाच असणार, कारण सत्तर ते एकशेचाळीस ही रेंज दुसऱ्या कुठल्या तपासणीला नव्हती. एकेक ओळ बसत गेली तसा मला धीर येत गेला. त्या आठवड्यांत एखादी गोष्ट जुळली असं पहिल्यांदाच होत होतं.

राहिल्या दोन ओळी. चौदावी प्लेटलेट्सची, युनिट लाख प्रति घनमिलिमीटर, रेंज १.५० ते ४.५०. सोळावी क्रिएटिनिनची, युनिट मिलिग्राम प्रति डेसिलिटर, रेंज नाही. आणि दोन सुटे आकडे. कागदावर प्लेटलेट्स वर, क्रिएटिनिन खाली. मजकुरात ०.९६ वर, १.६२ खाली. मी ०.९६ चौदाव्या ओळीत टाकला आणि १.६२ सोळाव्या.

०.९६ लाख म्हणजे शहाण्णव हजार. इथल्या हिशेबात ९६. दीड वर्षापूर्वी ९६ आणि आता ७६. कमी होतं, पण आधीपासून कमी होतं. आई घरी जाऊ शकत होत्या.

सोमवारी मी कागद क्लिनिकच्या काउंटरवर दिला. बायकोच्या जागी आता एक लुधियानाची बाई बसते. ती आधी शेजारच्या काउंटरवर होती, आणि टायपिंगचं काम तिने माझ्या बायकोकडूनच उचललं होतं. तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

“भाईसाब, ओरिजिनल?”

“नहीं है.”

“फोटो?”

“वो भी नहीं.”

मग पेन काढून तिने वरच्या कोऱ्या जागेत लिहायला सांगितलं की हे उचललेल्या मजकुरावरून टाइप केलंय, फोटो उपलब्ध नाही, अमुक नातेवाइकाने केलंय. मी लिहिलं. तिने बोट चौदाव्या ओळीवर ठेवलं. “लाख लिखा है ना साथ में? हाँ, लिखा है. अच्छा किया. नहीं तो डॉक्टर पॉइंट नाइन सिक्स पढ़ती और यहीं से अँब्युलन्स बुलाती.” आणि ती हसली, मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. “दीदी ने सिखाया था. पहले हफ्ते मैंने बिना युनिट के भेजा था. इतना डाँटा, इतना डाँटा.”

“क्रम पक्का है?” तिने विचारलं.

“पक्का है,” मी म्हणालो.

गुरुवारी डॉक्टरांनी तो कागद वाचला. हा रिपोर्ट नव्हे, तुम्ही दिलेली माहिती आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तसंच नोंदवलं. लाखाचं गणित मी त्यांना समजावलं. क्रिएटिनिनपाशी त्या जरा थांबल्या, तेव्हा तब्येत बरी नव्हती का, असं विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. आई ओळखीच्या शब्दांवर मान हलवत होत्या. शेवटी डॉक्टर म्हणाल्या की आधीपासून शंभरच्या आत असतील तर आईंनी रविवारी जायला हरकत नाही. तिथे पोचल्यावर आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचं. अकोल्याच्या डॉक्टरांसाठी त्यांनी पत्र दिलं.

गाडीत आई म्हणाल्या, “मुलगी बरी आहे हो. आपल्याकडचे डॉक्टर एवढं ऐकून घेत नाहीत.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही टाइप केलंत म्हणून झालं.”

शुक्रवारी दुपारी त्या बॅग भरत होत्या. मी वजनकाटा आणून दिला आणि दारात उभा राहिलो. त्यांनी बॅगेत आधी तिच्या दोन साड्या ठेवल्या, मग स्वतःचे कपडे, मग खजुराची दोन पाकिटं.

“आई, खजूर तिकडे मिळत नाहीत का?”

“मिळतात की. पण हे तिनं आणलेले.” त्यांनी पाकीट पुन्हा बाहेर काढलं, त्यावरची तारीख पाहिली, परत ठेवलं. “खजूर म्हणजे माझ्यामागे तिचा ससेमिराच होता. ऑपरेशनच्या आधी तो रिपोर्ट पाठवला ना वहिनींनी, त्याच संध्याकाळी हिचा फोन. आई, हिमोग्लोबिन कमी आहे तुझं, खजूर खात जा. म्हटलं, बाई, बाकी काही? तर म्हणते, बाकी काही नाही. किडनी-बिडनी सगळं ठणठणीत आहे, पंचवीस वर्षांच्या पोरीसारखी किडनी आहे तुझी. मी म्हटलं, मग त्या पोरीला दे जा नेऊन.” त्या हसल्या. त्या मंगळवारनंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. “दर रविवारी विचारायची, खाल्लेस का. मी खोटं सांगायची.”

मी माझ्या खोलीत जाऊन टेबलावरची त्या कागदाची प्रत पाहिली. सोळाव्या ओळीत क्रिएटिनिन, १.६२. रेंज कापली गेली होती, पण मी तिच्यासोबत असे कितीतरी रिपोर्ट वाचले होते. १.६२ हा सत्तरीतल्या बारीक बाईला ठणठणीत म्हणण्याजोगा आकडा नव्हता. ०.९६ होता. आणि परवाच्या तपासणीतले ८०, त्या जुन्या युनिटमध्ये मांडले तर ०.९० च्या आसपास येतात. डॉक्टर तिथेच थांबल्या होत्या आणि मी मला माहीत नाही म्हणालो होतो.

तिने फोटो पाहिला होता. मूळ कागद जसा होता तसा, ओळीसमोर आकडा, तिने पाहिला होता. प्लेटलेट्ससमोर ०.९६ असते तर ती गप्प बसली नसती. असल्या गोष्टीवर ती दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून अकोल्याला गेली असती. ती खजूर खा म्हणाली, कारण त्या कागदावर खजुरापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे प्लेटलेट्स १.६२, क्रिएटिनिन ०.९६. म्हणजे १६२ च्या ७६ झाल्या होत्या.

किंवा नाही. तिने फोटो घाईत पाहिला असेल. आईंनी दीड वर्षापूर्वीचं बोलणं आपल्या सोयीने लक्षात ठेवलं असेल. सुटे आकडे कुठून कसे सुटले हे सांगणारा फोटो माझ्याच हाताने गेला होता. माझ्याजवळ होतं ते एवढंच, की मी क्रम पक्का आहे म्हणालो तेव्हा तो पक्का नव्हता, आणि मला हवा तसा होता म्हणून मी तो तपासला नव्हता.

ही गोष्ट दोन दिवस न बोलता राहिली असती तर आई विमानात बसल्या असत्या. हे मी तेव्हा अगदी स्वच्छ पाहिलं, आणि ते पाहायला मला दहा मिनिटं लागली, हेही खरं.

मी परत गेलो. बॅगेची चेन लावून झाली होती.

“आई, बसा जरा.”

“बसलेच आहे.”

मी त्यांना कागद दाखवला. दोन ओळी, दोन आकडे, ते अदलाबदल झालेले असू शकतात, आणि आत्ता तुम्ही जे सांगितलंत त्यावरून झालेच असावेत. त्यांनी चष्मा लावला. कागद इंग्रजीत होता, पण आकडे त्यांना कळत होते.

“मी काय सांगितलं?”

“किडनी चांगली आहे असं ती म्हणाली होती.”

“मग?”

“मग किडनीचा आकडा हा, आणि प्लेटलेट्सचा हा. म्हणजे आधी नॉर्मल होतं. आता उतरलंय.”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “मग मी सांगितलंच नाही असं समजा.”

“आई.”

“काय आई? मी खजुराचं बोलत होते. माझ्या लेकीची आठवण सांगत होते. त्यातून तुम्ही माझी किडनी काढलीत.” त्यांचा आवाज चढला. “जावईबापू, तुम्ही पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवता ना? मग एक चिठ्ठी इकडची तिकडे राहिली तर काय आभाळ कोसळतं? सोमवारी तुम्हीच लिहिलंत, तुमच्याच डॉक्टरीण बाई हो म्हणाल्या. आता राहू दे.”

“चुकून लिहिलं होतं. आता माहीत आहे.”

“पक्कं माहीत आहे?”

“नाही.”

“मग?”

मी म्हणालो, “ती असती तर दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या असत्या.”

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला, आणि मग पुसतच राहिल्या. त्या घरात त्या पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना. मी बसलो.

क्लिनिक शनिवारी दुपारपर्यंत उघडं असतं. मी नवा कागद नेला. चौदाव्या आणि सोळाव्या ओळीत आकड्याची जागा कोरी होती. खाली लिहिलं होतं की ०.९६ आणि १.६२ हे दोन आकडे मजकुराच्या शेवटी सुटे आले आहेत, कुठला कोणाचा हे ठरवता येत नाही. आधीच्या कागदात ते माझ्या अंदाजाने भरले होते. त्याखाली वेगळ्या ओळीत: मुलीने मूळ फोटो पाहून आईला फोनवर किडनी ठीक असल्याचं सांगितलं, असं आईंना आठवतं.

काउंटरवरच्या बाईने तो वाचला. ती रागावेल असं मला वाटलं होतं. “पहलेवाला फाड़ना नहीं,” ती म्हणाली. “दोनों रहेंगे. ऊपर लिख दूँगी, ये वाला सही.”

डॉक्टरांनी दोन पेशंटच्या मध्ये मला आत घेतलं. फोनवरच्या बोलण्याची आठवण ही तक्त्यात भरता येत नाही, पण विचारात घेता येते, असं त्या म्हणाल्या. क्रिएटिनिनवर आपण अडखळलो होतो आणि पुढे विचारलं नाही, हेही त्यांनी स्वतःहून कबूल केलं. आता जुना आकडा माहीत नाही असंच धरायचं, आणि माहीत नसेल तर नवीन आहे असं समजून चालायचं. सोमवारी पुन्हा रक्त, या वेळी काचेवर पसरून पेशी डोळ्यांनी पाहायच्या, कारण कधी कधी नळीतच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. आणि ब्रिस्बेनच्या रक्तविकारतज्ज्ञांना पत्र.

मी तिकीट पुढे ढकललं.

पेशी चिकटलेल्या नव्हत्या. सोमवारी प्लेटलेट्स ६१ निघाल्या. त्यापुढच्या आठवड्यात ४८. मग औषध सुरू झालं. ब्रिस्बेनचे डॉक्टर म्हणाले की शरीर आपल्याच प्लेटलेट्स मोडतं, या वयात असं होतं, आणि उतार चालू असताना पकडलं हे बरं झालं. जुन्या रिपोर्टचं त्यांनी विचारलं. मी कोऱ्या चौकटींचा कागद दिला. त्यांनी तो वाचून फाईलमध्ये लावला. कुठला आकडा कोणाचा असावा यावर ते काही बोलले नाहीत.

आई त्यानंतर अकरा आठवडे राहिल्या. पहिले दोन आठवडे त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग एका सकाळी त्यांनी विचारलं की तो तक्ता कसा करतात. मी दाखवलं. त्यांना टाइप येत नव्हतं, पण त्या मोठ्याने वाचायच्या. नवा रिपोर्ट आला की त्या चष्मा लावून समोर बसायच्या. “प्लेटलेट काउंट,” त्या म्हणायच्या, “त्र्याऐंशी. युनिट काय ते तुम्ही बघा, फार लांबलचक आहे.” इथले रिपोर्ट छापील मिळत होते, टाइप करण्याची काहीच गरज नव्हती. तरी आम्ही करत होतो.

आकडा शंभराच्या वर तीन वेळा सलग आल्यावर त्या घरी गेल्या. मी त्यांना ब्रिस्बेनपर्यंत सोडायला गेलो होतो. आत जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “जेवत जा वेळेवर.”

त्या आता अकोल्याला आहेत. महिन्यातून एकदा रक्त तपासतात आणि शेजारच्या वहिनी फोटो पाठवतात. मी तो संगणकावर ठेवतो, शेजारी तक्ता ठेवतो, आणि आईंना फोन करून एकेक ओळ वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात प्लेटलेट्स १.१२ लाख होत्या. अजून अर्धी गोळी चालू आहे. दीड वर्षापूर्वीच्या त्या रिपोर्टचे चौदा आकडे माझ्याकडे आहेत, आणि दोन ओळींत आकडा नाही.